फुप्फुसाभोवतीचा दाब ऋण का असतो, आणि तिथे हवा शिरली तर?

‘प्लुरल पोकळीतला दाब ऋण का असतो?’ असं तोंडी परीक्षेत विचारलं की बहुतेक जण सांगतात, ‘फुप्फुस फुगलेलं राहावं म्हणून.’ पण हा झाला त्या दाबाचा उपयोग. कारण वेगळं आहे, आणि ते नीट कळलं तर न्यूमोथोरॅक्सचे उपचारही आपोआप कळतात.

फुप्फुसाला एक पातळ आवरण असतं आणि छातीच्या पिंजऱ्याला आतून दुसरं. दोन्हींच्या मध्ये द्रवाचा अगदी पातळ थर. फुप्फुस लवचीक असल्यामुळे सतत आकसायला बघतं. पिंजऱ्याचा कल मात्र बाहेर उघडण्याकडे असतो. श्वास सहज सोडून आपण क्षणभर थांबतो तेव्हा या दोन ओढी बरोबर तोडीस तोड असतात. मधला थर दोन्हीकडून ताणला जातो, म्हणून तिथला दाब वातावरणापेक्षा साधारण 5 सेंमी पाण्याइतका, म्हणजे जवळपास 4 मिमी पाऱ्याइतका कमी असतो. ‘ऋण’ म्हणजे एवढंच. तिथे निर्वात पोकळी नसते. वातावरणाचा दाब 760 धरला तर तिथे सुमारे 756 असतो.

आता खरा प्रश्न. दाब कमी आहे, तर आजूबाजूच्या रक्तातले वायू सुटून त्या फटीत का जमा होत नाहीत? इथे एक साधी बेरीज करून बघा. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा आंशिक दाब 100, कार्बन डायऑक्साइडचा 40, नायट्रोजनचा 573 आणि पाण्याच्या वाफेचा 47. एकूण 760. ऊतींमधून जाताना ऑक्सिजन 100 वरून 40 वर येतो, म्हणजे 60 ने घटतो. कार्बन डायऑक्साइड मात्र 40 वरून 46 वरच जातो, कारण तो रक्तात खूप सहज मावतो. त्यामुळे शिरेतल्या रक्ताची बेरीज 706 भरते. 756 च्या फटीपेक्षा ही 50 ने कमी आहे. म्हणून वायू रक्तातून फटीत येत नाही. उलट फटीत असलेला वायू रक्तात शोषला जातो. जादा द्रव लसिकावाहिन्या उचलून नेतात.

आता एक कल्पित रुग्ण घेऊ: बावीस वर्षांचा, उंच, सडपातळ मुलगा. फुप्फुसाच्या टोकावरचा छोटा फुगा फुटतो आणि हवा प्लुरल पोकळीत शिरते. ती शिरताच दोन्ही ओढी सुटतात: फुप्फुस आकसतं आणि त्या बाजूचा पिंजरा थोडा बाहेर येतो. मुलाला एका बाजूला एकदम कळ येते, धाप लागते. त्या बाजूला स्टेथोस्कोपने श्वासाचा आवाज मंद येतो किंवा येतच नाही, आणि बोटांनी ठोकलं तर पोकळ आवाज येतो. माणसात दोन्ही बाजूंच्या पोकळ्या वेगळ्या असतात, म्हणून दुसरं फुप्फुस चालू राहतं.

भोक बुजलं, तर वरची बेरीज कामाला येते. ही हवा रोज त्या बाजूच्या आकारमानाच्या साधारण 1.25 ते 2.2 टक्के शोषली जाते. हवेने 30 टक्के जागा व्यापली असेल, तर ती जायला दोन ते साडेतीन आठवडे लागतील. आता त्याला शुद्ध ऑक्सिजन दिला तर? रक्तातला नायट्रोजन धुऊन निघतो, म्हणजे बेरजेतले 573 जवळजवळ गळतात. ऑक्सिजन खूप वाढवला तरी शिरेतल्या रक्तात तो थोडाच वाढतो, कारण ऊती तो वापरून टाकतात. बेरीज दीडशेच्या आसपास येते. दाबातला फरक पन्नासवरून सहाशेवर गेला, की हवा कितीतरी वेगाने शोषली जाते.

पण ही सगळी बेरीज एका अटीवर उभी आहे: गळती थांबलेली हवी. भोक झडपेसारखं वागलं, म्हणजे श्वास घेताना हवा आत आली पण सोडताना बाहेर पडली नाही, तर दाब वातावरणापेक्षाही वाढत जातो. तो हृदयाला दुसऱ्या बाजूला ढकलतो आणि हृदयाकडे परतणारं रक्त अडवतो. रक्तदाब कोसळतो, मानेच्या शिरा फुगू शकतात, श्वासनलिका दुसऱ्या बाजूला सरकू शकते. पण ही शेवटची खूण उशिरा दिसते, तिची वाट बघायची नसते. हा टेन्शन न्यूमोथोरॅक्स. इथे एक्स-रेसाठीही न थांबता आधी सुई घालून हवा बाहेर काढतात आणि मग नळी बसवतात. त्या नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली ठेवलेलं असतं. का, ते आता तुम्हीच सांगा: हवा बुडबुड्यांनी बाहेर पडावी, पण श्वास घेताना छातीतला ऋण दाब बाहेरची हवा परत आत ओढू शकू नये.