दार उघडं, तर मोल्ड बंद होता कामा नये

दीडशे टनांच्या इंजेक्शन मशीनमध्ये मोल्डचे दोन भाग एकमेकांवर आदळतात तेव्हा मध्ये हात सापडला, तर तो वाचत नाही. म्हणून ऑपरेटरसमोर सरकतं दार असतं. या दारामागे नीट बनवलेल्या मशीनमध्ये तीन वेगवेगळे पहारे असतात. दार उघडलं की लिमिट स्विच कंट्रोलला जाणारा सिग्नल तोडतो, दाराला जोडलेला व्हॉल्व्ह मोल्ड बंद करणारं तेल अडवतो आणि वरून एक लोखंडी पट्टी दांड्याच्या खाचेत पडते. वीज आणि तेल दोन्हींनी दगा दिला, तरी पट्टी अडवतेच.

घात होतो तो इथेच. तीस सेकंदांच्या सायकलने आठ तासांत 960 शॉट निघतात. दोन सेकंद वाचले, तर अडुसष्टेक शॉट वाढतात. मग कुणीतरी स्विच तारेने बांधून टाकतो. मशीन नेहमीसारखं चालतं आणि अपघातही होत नाही, कारण उरलेले दोन पहारे जागे असतात. पुढे पट्टीचा बिजागर गंजून अडकतो, तेही कुणाला कळत नाही. आता सगळा भार एकट्या व्हॉल्व्हवर. म्हणून तिघांची तपासणी वेगवेगळी करावी लागते. शिफ्ट सुरू होताना दार उघडून पट्टी खाली पडलेली डोळ्यांनी पाहायची, मग मॅन्युअलवर दार उघडं ठेवून मोल्ड बंद करायचं बटण दाबायचं. काहीच हललं नाही पाहिजे. पण ही चाचणी तिघांची एकत्र आहे. स्विच आणि व्हॉल्व्ह एकेकटे तपासायचं काम फिटरचं, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

भाजण्याचा धोका मशीनच्या दुसऱ्या टोकाला, नोझलपाशी. पॉलिप्रॉपिलीन दोनशे अंशांच्या वर वितळलेलं असतं आणि कातडीला चिकटून राहतं. ओढून काढायचं नाही, गार पाण्याखाली धरायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. ॲसिटल बॅरलमध्ये जास्त वेळ तापत राहिलं, तर फुटून वायू होतो. नोझल तुंबलेलं असेल, तर तो वितळलेलं प्लास्टिक दाबाने बाहेर फेकतो. पर्जिंग करताना चेहऱ्यावर शील्ड हवंच, आणि नोझलसमोर तर उभं राहायचंच नाही.

मोल्ड बदलताना आय बोल्ट पूर्ण आटे बसवून घट्ट करतात, पण दोन्ही भाग एकत्र बांधणारी पट्टी लावायला विसरतात. चेन पुलीने उचललं की एक भाग गाइड पिनवरून सुटून खाली येतो.

रबराच्या प्रेसला बहुधा दार नसतं, कारण कच्चं रबर हातानेच ठेवायचं असतं. तिथे दोन बटणं एकाच वेळी दाबावी लागतात. एका बटणात लाकडाची खुंटी ठोकायची युक्ती चालू नये, म्हणून चांगलं कंट्रोल दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली आणि दर वेळी सोडली तरच प्रेस हलवतं. पण त्याने वाचतात ते दाबणाऱ्याचेच हात. मागच्या बाजूने रबर ठेवणाऱ्या मदतनिसाला वेगळी बटणं द्यावी लागतात.