8.40 टक्क्यांचा रोखा, 5 टक्क्यांची कमाई

जुलै 2014 मध्ये केंद्र सरकारने दहा वर्षांचा एक रोखा विक्रीला काढला. त्याचे नाव ‘8.40% जीएस 2024’. त्या वेळी रिझर्व्ह बँकेचा रेपो दरच 8 टक्के होता, त्यामुळे 8.40 टक्के व्याजाचे कुणाला फारसे अप्रूप नव्हते. मे 2020 मध्ये रेपो 4 टक्क्यांवर आला आणि हाच जुना रोखा भाव खाऊ लागला.

नावातला 8.40 हा झाला कूपन दर. रोखे कागदी होते तेव्हा त्यांना छोटे तुकडे जोडलेले असत. व्याजाची तारीख आली की एक तुकडा कापून द्यायचा आणि पैसे घ्यायचे. ‘कूपन’ हा शब्द तिथलाच. हा दर दर्शनी किमतीवर मोजतात आणि तो शेवटपर्यंत बदलत नाही. रोखा कितीलाही विकत घ्या, 10,000 रुपयांच्या दर्शनी किमतीवर वर्षाला 840 रुपयेच मिळणार, तेही 420-420 करून दोन हप्त्यांत.

आता समजा, मुदत संपायला नेमकी चार वर्षे उरली असताना, जुलै 2020 मध्ये, एका गृहस्थांनी हा रोखा 11,200 रुपयांना घेतला. चार वर्षांचे व्याज 3,360 रुपये. मुदतीअखेर सरकार परत देणार 10,000, कारण वरचे 1,200 रुपये सरकारने घेतलेलेच नव्हते. ते आधीच्या मालकाच्या खिशात गेले. म्हणजे एकूण हाती 13,360 आणि खरी कमाई 2,160. वर्षाला सरासरी 540.

मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा, बाजाराच्या भाषेत वायटीएम, हाच हिशेब तारखेनिशी मांडतो. इथे तो साधारण 5 टक्के येतो. त्या दराने 11,200 रुपयांवर पहिल्या सहामाहीची कमाई होते सुमारे 283 रुपये, पण खात्यात जमा होतात 420. वरचे 137 रुपये म्हणजे गृहस्थांचेच मुद्दल, थोडे थोडे परत येणारे. ते व्याज समजून खर्च केले, तर चार वर्षांनी 1,200 रुपयांचा खड्डा दिसतो. रोखा मध्येच विकला तर मात्र हा 5 टक्क्यांचा हिशेब लागू पडत नाही. त्या दिवशीचा भाव ठरवेल ते खरे.

प्राप्तिकर खात्याला हे 137 रुपये वेगळे दिसत नाहीत, आणि इथेच खरी मेख आहे. त्याच्या लेखी सगळे 840 रुपये व्याजच. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला, अधिभार आणि उपकर सोडूनही, चार वर्षांत 1,008 रुपये कर भरावा लागतो. शेवटचे 1,200 रुपये भांडवली तोटा ठरतात आणि तो तोटा व्याजातून वजा करता येत नाही, फक्त भांडवली नफ्यातून येतो. असा नफा नसेल तर 2,160 च्या कमाईतले हाती उरतात 1,152 रुपये.