मतपेटी उघडल्यावरच सुरू होतो खरा तास! वर्गातली निवडणूक कशी घ्याल?

पारोळा : शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच अनेक शाळांमध्ये शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. अर्ज भरले जातात, चिन्हं वाटली जातात, प्रचार होतो, बोटाला शाई लागते. हल्ली बऱ्याच ठिकाणी मतदानासाठी मोबाइलवरचं ‘ईव्हीएम’ ॲप वापरतात. शेवटच्या मुलाने बटण दाबलं की दोन मिनिटांत स्क्रीनवर निकाल दिसतो, टाळ्या वाजतात, फोटो निघतात आणि कार्यक्रम संपतो.

पण नागरिकशास्त्राचा तास म्हणून बघितलं तर इथे एक मोठा तुकडा गळून पडतो. मतं मोजायची कशी, कोणतं मत बाद धरायचं, जिंकला म्हणजे नेमकं काय झालं, हे मुलांना कळतच नाही. दहावीच्या राज्यशास्त्रात ‘निवडणूक प्रक्रिया’ हे स्वतंत्र प्रकरण आहे, तरीही ही गोष्ट पाठांतरावर राहते. पारोळ्यातल्या एखाद्या शाळेला आठवी ते दहावीच्या वर्गात हाच प्रयोग नीट करायचा असेल, तर तो कागदी मतपत्रिकेवर चार तासिकांत कसा बसवता येईल, ते पाहूया.

पद छोटं, पण खरं हवं

‘पंतप्रधान’ निवडायला लावलं की मुलं नेत्यांच्या नकला करतात. त्यापेक्षा महिनाभरासाठी वर्गप्रतिनिधी निवडा आणि त्याला एक खरा अधिकार द्या. उदाहरणार्थ, शनिवारची शेवटची तासिका कशासाठी वापरायची, हे तो ठरवेल. निकालाने काहीतरी बदलणार असेल तरच मुलं मनापासून भांडतात.

खऱ्या पक्षांची नावं, झेंडे आणि चिन्हं पूर्ण बंद ठेवा. पेन्सिल, शिट्टी, बादली ही चिन्हं पुरतात. तीन उमेदवार असले तर उत्तम. दोनच असले तर पुढची निम्मी चर्चा होणार नाही आणि सहा झाले तर मोजणीचा गोंधळ होईल.

पहिल्या तासिकेत अर्ज आणि चिन्हं, दुसऱ्या तासिकेत प्रचार. प्रत्येकाला तीन मिनिटं भाषणाला आणि तीन मिनिटं प्रश्नांना. यात प्रश्नांची वेळ जास्त कामाची आहे. समजा, तामसवाडी किंवा बहादरपूरकडून येणाऱ्या मुलांसाठी एखादा उमेदवार म्हणाला, ‘मी एसटीची वेळ बदलून आणीन.’ तर वर्गातून एकच प्रश्न यायला हवा : हे तुझ्या हातात आहे का? वेळापत्रक ठरवणं वर्गप्रतिनिधीच्या हातात नाही, आगाराला अर्ज लिहिणं मात्र आहे. आश्वासन आणि अधिकार यातला फरक मुलांना इथे पाच मिनिटांत कळतो.

चॉकलेट वाटणं ही लाच, हा नियम आधीच फळ्यावर लिहा. कुणीतरी वाटणारच. मतदानाच्या आदल्या दिवशी शाळा सुटली की प्रचार बंद.

शिक्का कोणता घ्यायचा?

मुलांना पेनाने बरोबरची खूण करायला सांगितलं तर वर्गात गुप्तता राहत नाही. एकमेकांची अक्षरं आणि पेनाची शाई सगळ्यांना माहीत असते. म्हणून शिक्काच हवा, आणि सर्वांना एकच.

तोही दोन्ही बाजूंनी सारखा दिसणारा नको. पेनाच्या टोपणाचा गोल ठसा सोपा वाटतो, पण मतपत्रिकेची घडी घातली की ओली शाई समोरच्या चौकटीवर उमटते. मग दोन गोल दिसतात आणि खरा कोणता ते सांगता येत नाही. मतपत्रिकेच्या काळात आयोग बाणांच्या स्वस्तिकासारखा शिक्का देत असे तो याचसाठी. घडीमुळे उमटलेला ठसा उलटा दिसतो आणि लगेच ओळखू येतो. (इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला असल्या साध्या डिझाइनचं जरा जास्तच कौतुक वाटतं.) शाळेत ‘तपासले’ असा अक्षरांचा शिक्का असेल तर तोच वापरा. उलटी अक्षरं दिसली की तो ठसा मोजायचा नाही. घडी आधी उभी, मग आडवी घालायला शिकवा.

मतपत्रिकेवर मुलांचे क्रमांक टाकू नका. मागे शिक्षकांची छोटी सही पुरेशी आहे. बाहेरून आणलेला कागद त्यामुळे लगेच पकडता येतो. दोन बाकांवर पुठ्ठे उभे केले की मतदानकक्ष तयार. मतदारयादी म्हणजे वर्गाचं हजेरीपत्रक. मत देण्याआधी तिथे सही करायची आणि डाव्या हाताच्या तर्जनीला मार्करचा ठिपका लावायचा.

मोजणी : एक उदाहरण

तिसरी तासिका मतदान आणि मोजणीची. आकडे समजायला एक काल्पनिक वर्ग घेऊ. पटावर ४४ मुलं, त्यातली ३ गैरहजर. यादीवर ४१ सह्या.

पेटी उघडल्यावर लगेच मतं मोजायची नाहीत. आधी घडी न उघडता नुसते कागद मोजायचे. ४१ सह्या तर ४१ कागद. एक जास्त निघाला तर कुणीतरी दोन टाकले, एक कमी निघाला तर कुणीतरी खिशात नेला. हा ताळा जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. मोबाइल ॲपमध्ये नेमकी हीच पायरी नसते. खऱ्या ईव्हीएमला व्हीव्हीपॅट जोडलेलं असतं, मतदाराला सात सेकंद चिठ्ठी दिसते आणि ती पेटीत पडते. ॲपवर फक्त अंतिम आकडा असतो, तो पडताळून पाहायला मागे कागद नसतो.

मग उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर एकेक मतपत्रिका उघडायची. आपल्या वर्गात समजा पाच कागदांवर वाद झाला.

एकावर दोन उमेदवारांसमोर शिक्के होते, ते बाद. एक कोरा होता, तोही बाद. एकावर शिक्का दोन चौकटींमधल्या रेषेवर बरोबर मधोमध पडला होता. मत कुणाला ते ठरवता येत नाही, म्हणून बाद. एकावर शिक्क्याखाली मुलाने स्वतःचं नाव लिहिलं होतं. इथे वर्ग हमखास ओरडणार, ‘मत तर स्पष्ट आहे!’ स्पष्ट आहे, पण मतदाराची ओळख पटते, म्हणून बाद. ओळख पटणारी मतं चालवली तर विकत घेतलेलं मत ‘पोहोचलं’ की नाही, हे तपासायची सोयच होईल. आणि पाचव्यावर एकाच उमेदवारासमोर दोनदा शिक्का मारला होता. हे मत वैध. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर नुसत्या जास्तीच्या किंवा फिकट शिक्क्यामुळे मत बाद होत नाही.

हे निकष मनाचे नाहीत. १९६१ च्या निवडणूक नियमांमध्ये मतपत्रिका कधी नाकारायची, ते याच धर्तीवर लिहिलेलं आहे. शाळेने ते मतदानाच्या आधी भिंतीवर लावावेत. पेटी उघडल्यावर नियम ठरवायला बसलात तर प्रत्येक जण आपल्या उमेदवाराच्या सोयीचा नियम सुचवेल.

समजा, शेवटी आकडे असे आले : पेन्सिल १४, शिट्टी १२, बादली ८, नोटा ३, बाद ४. एकूण ४१. पेन्सिल दोन मतांनी विजयी.

फरक दोनचा, बाद चार

चौथी तासिका फक्त चर्चेची. ती गाळू नका, बाकीच्या तीन तासिका तिच्यासाठीच आहेत.

पहिला मुद्दा मुलंच काढतील : बाद मतं चार आणि फरक दोनचा! हे पुस्तकी उदाहरण वाटत असेल तर २०२४ ची मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा आठवा. रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांचा अवघ्या ४८ मतांनी पराभव केला. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या. वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कीर्तिकरांची याचिका फेटाळली गेली. नियम आधीपासून लिहिलेले असणं का गरजेचं, हे यावरून मुलांना पटतं.

मग बरोबरी झाली असती तर? चिठ्ठी. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना सारखीच मतं पडली आणि निकाल चिठ्ठी काढून लागला.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. पेन्सिलला १४ मतं, पण शिट्टी आणि बादली मिळून २०. म्हणजे ज्यांनी उमेदवार निवडला, त्यातल्या बहुतेकांना पेन्सिल नको होती. तरी ती जिंकली, कारण आपल्याकडे लोकसभा-विधानसभेला सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, निम्म्याहून जास्त मतांची अट नाही. आता बादलीला वगळून पहिल्या दोघांत पुन्हा गुप्त मतदान घ्या. बादलीच्या आठपैकी सहा मतं शिट्टीकडे गेली आणि बाकी कुणी मत बदललं नाही, तर शिट्टी १८, पेन्सिल १६. मुलं तीच, उमेदवारही तेच, पण पद्धत बदलली आणि विजेता बदलला.

याचं जिवंत उदाहरण वर्गातच उभं असतं. जळगाव-धुळ्यातले माध्यमिक शिक्षक विधान परिषदेच्या नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघासाठी मतदान करतात. तिथे आजही कागदी मतपत्रिका असते आणि आयोगाने दिलेल्या जांभळ्या पेनाने पसंतीक्रमाचे अंक लिहावे लागतात. ‘१’ ऐवजी बरोबरची खूण केली की मत बाद. जून २०२४ मध्ये मतदान केलेल्या सरांनी किंवा मॅडमनी हा अनुभव सांगावा. मत कुणाला दिलं ते मात्र सांगू नये.

नोटा जिंकला तर?

वर्गात हा प्रश्न येतोच, आणि पारोळ्यात त्याची दोन उत्तरं आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर नोटा आला, पण विधानसभेला त्याला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांमध्ये पुढे असलेलाच निवडून येतो. म्हणजे एरंडोल विधानसभा मतदारसंघात मत देताना पारोळेकराचा नोटा निकाल बदलत नाही. नगरपरिषदेसाठी मात्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये आदेश काढला : नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. फेरनिवडणुकीतही तोच पुढे राहिला, तर सर्वाधिक मतांचा उमेदवार विजयी. मतदार तोच, बटणही तेच, परिणाम वेगळा. वर्गाने यातला कोणता नियम घ्यायचा, ते अर्ज भरायच्या दिवशीच ठरवून घ्यावं.

एक अडचण कुठल्याही नियमाने सुटत नाही. मुलगे मुलग्याला, मुली मुलीला, एका गावची मुलं आपल्या गावच्याला मत देतात. हे चर्चेत आणावं, पण ‘तू कुणाला दिलंस?’ असं विचारून नाही. मतदानानंतर निनावी चिठ्ठीवर एकच ओळ लिहून घ्या : मत देताना मी काय पाहिलं? नाव नको, उमेदवारही नको. चिठ्ठ्या आधी शिक्षकांनी वाचाव्यात, कुणाकडे बोट दाखवणारी असेल तर बाजूला काढावी आणि बाकीच्या मोठ्याने वाचून दाखवाव्यात. ‘भाषण आवडलं’, ‘माझा मित्र आहे’, ‘चॉकलेट दिलं’. उरलेली तासिका या तीन ओळींवर सहज जाते.

मतपत्रिका लगेच फाडू नका. पाकिटात घालून, तिन्ही उमेदवारांच्या सह्या घेऊन महिनाभर कपाटात ठेवा. कुणी फेरमोजणी मागितली तर ती करता आली पाहिजे.