गोड बोलण्यातला व्यवहार

संक्रांतीच्या सकाळी भ्रमणध्वनीवर शुभेच्छांचा पाऊस पडतो. ‘तिळगूळ घ्या, गोड गोड बोला’ हेच वाक्य शेकडो चित्रांवर, शेकडो रंगांत येते आणि न वाचताच पुढे सरकते. तिळगूळ आणि पतंग विकणारा छोटा दुकानदारही नेमका त्याच सकाळी आपली शुभेच्छा पाठवतो, खाली दरपत्रक जोडतो आणि मागणी का येत नाही म्हणून हिरमुसतो. त्याच्या मजकुरात फारसे चुकलेले नसते. चुकलेला असतो तो दिवस. त्या सकाळपर्यंत घरोघरचा तिळगूळ आलेला असतो आणि पतंग गच्चीवर चढलेले असतात.

म्हणून विक्रीचा संदेश संक्रांतीआधी आणि शुभेच्छा संक्रांतीला, ही पहिली विभागणी. नाशिकमधील एखाद्या घरगुती विक्रेतीचे उदाहरण घेऊ. तिच्याकडे लाडू, वड्या, गुळपोळी, हलव्याचे दागिने आणि पतंग आहेत. यातले दागिने हाताने गुंफावे लागतात. त्यामुळे त्यांचा संदेश जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेला पाहिजे. तो असा असू शकतो : ‘यंदा घरात नव्या सुनेची किंवा बाळाची पहिली संक्रांत आहे का? हलव्याचे दागिने मापाप्रमाणे करून देऊ. मागणी 8 तारखेपर्यंत कळवावी.’ यात विक्री आहे, पण ती घरातल्या आनंदाची विचारपूस करून येते.

दुसरा संदेश संक्रांतीपूर्वीच्या शनिवारी. मुले पतंग घ्यायला निघतात ती याच सुटीत. तिळगुळाचाही निर्णय याच सुमारास होतो. इथे गोड शब्दांपेक्षा नेमका तपशील उपयोगी पडतो : ‘चिक्कीच्या गुळाचे खुसखुशीत लाडू, आजी-आजोबांसाठी साध्या गुळाच्या मऊ वड्या. पाव किलोपासून. पतंगांसोबत फक्त साधा सुती दोरा मिळेल.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे. नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 11 जुलै 2017 रोजी देशभर बंदी घातली. या मांजाने पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे कापले गेले आहेत. आपण तो ठेवत नाही, हे एका ओळीत सांगणारा विक्रेता पालकांची काळजी दूर करतो. त्यावर वेगळे प्रवचन लिहिण्याची गरज राहत नाही.

संक्रांतीच्या दिवशी मात्र संदेशात दर, वजन, दूरध्वनी क्रमांक काहीही नसावे. ‘ज्यांच्या घरी यंदा आमचा तिळगूळ पोहोचला त्यांना, आणि ज्यांच्या घरी पोहोचला नाही त्यांनाही, संक्रांतीच्या शुभेच्छा’ एवढे पुरे. तारीख आधी पंचांगात पाहावी. 2024 मध्ये संक्रांत 14 ऐवजी 15 जानेवारीला होती. एक दिवस आधी पडलेली शुभेच्छा हसे करते.

बहुतेक विक्रेते इथेच थांबतात. वास्तविक हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते, आणि हा काळ दरवर्षी सारखा नसतो. 2025 मध्ये रथसप्तमी 4 फेब्रुवारीला, म्हणजे संक्रांतीनंतर 21 दिवसांनी आली. 2026 मध्ये 25 जानेवारीला, अवघ्या 11 दिवसांनी. त्या हिशेबाने माल ठेवावा लागतो. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी ‘वाणासोबत देण्यासाठी दोन-दोन लाडवांच्या पुड्या बांधून मिळतील, किती जणी येणार ते सांगा’ असा संदेश गेला, तर यजमानीणबाईंचे एक काम हलके होते.

एक अडचण मजकुराबाहेरची आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रसारण यादीतून पाठवलेला संदेश ज्यांनी विक्रेत्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच मिळतो. इतरांपर्यंत तो जातच नाही. यासाठी पुडीवर छोटी चिठ्ठी लावून क्रमांक जतन करण्याची विनंती करावी. सोसायटीच्या गटात परवानगीवाचून जाहिरात टाकण्यापेक्षा हे बरे.

मजकूर जमला की नाही, हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. विक्रीची ओळ झाकल्यावर उरलेली शुभेच्छा ओळखीच्या माणसाला जशीच्या तशी पाठवता आली पाहिजे. आणि उत्तरे वाचावीत. ‘किती वजन?’, ‘घरपोच मिळेल का?’ असे प्रश्न पुन्हापुन्हा येत असतील, तर गोडव्याच्या भरात कामाची माहिती राहून गेली आहे. ‘अर्धा किलो पाठवा’ असे थेट उत्तर आले, तर समजावे की काही राहिले नाही.