तारखेमागचा आकडा

उधारीच्या नोंदीत ‘05/04/2024’ लिहिले की आपण 5 एप्रिल समजतो. एक्सेल मात्र 1 जानेवारी 1900 या दिवसाला 1 हा क्रमांक देऊन पुढे मोजते आणि 5 एप्रिल 2024 ही तारीख 45387 म्हणून साठवते. म्हणूनच तीत 45 दिवसांची मुदत मिळवता 45432, म्हणजे 20 मे, ही देय तारीख येते. वेळ हा दिवसाचा अंश. सायंकाळचे सहा म्हणजे 0.75.

रकान्यात 45387 असा आकडा दिसला, तर नोंद बिघडली असे समजू नये. Ctrl+1 दाबून Custom मध्ये dd-mmm-yyyy लिहावे. रूप तेवढे बदलते, आकडा तोच राहतो.

खरा धोका निराळाच. संगणकावर अमेरिकी पद्धत असेल, तर हीच नोंद 4 मे ठरते व वसुली 29 दिवसांनी लांबते. 13/04/2024 मात्र तेरावा महिना नसल्याने निव्वळ मजकूर होऊन डावीकडे राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या, की उजवीकडच्याही तपासाव्यात. विंडोजच्या Region मध्ये English (India) निवडून चुकलेल्या नोंदी पुन्हा लिहाव्यात. रूप बदलून चूक सुधारत नाही.