पर्सेंटाइल सपाट का असतात?

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की मार्क कोणी विचारत नाही, पर्सेंटाइल विचारतात. परीक्षा अनेक सत्रांत होते. एखादा पेपर सोपा निघतो, एखादा रडवतो. म्हणून आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी मार्क किती टक्के मुलांना पडले, ते पाहतात. गंमत अशी, की पेपर कसाही असो, ९० ते १०० पर्सेंटाइलमध्ये साधारण दहा टक्के मुलं असतात आणि ४० ते ५० मध्येही तेवढीच. मार्कांचा आलेख मधे फुगलेला असला, तरी पर्सेंटाइलचा सपाटच.

कारण सोपं आहे. कुठलंही एक मूल उचलायचं आणि त्याच्या मार्कांना X म्हणायचं. x किंवा त्याहून कमी मार्क मिळण्याची संभाव्यता म्हणजे F(x). शंभराने गुणलं की झालं पर्सेंटाइल. आता F(X) हे ०.३ किंवा त्याहून कमी असण्याची शक्यता किती? जिथे F बरोबर ०.३ होतो, तो मार्क m समजू. F कधी खाली उतरत नाही, त्यामुळे F(X) ०.३ च्या आत असणं आणि मार्क m च्या आत असणं ही एकच घटना झाली. आणि तिची संभाव्यता? F(m), म्हणजे ०.३! ०.३ च्या जागी शून्य ते एकमधला कोणताही आकडा घ्या, उत्तर तोच आकडा येतं. यालाच एकसमान वितरण म्हणतात. मार्क कसे विखुरलेत, हे या युक्तिवादात कुठे विचारावंच लागलं नाही.

सपाटीकरणाची किंमत मात्र मोजावी लागते. समजा, सरासरी १०० मार्क, प्रमाण विचलन ३० आणि आलेख घंटेसारखा. मग १०० मार्कांना ५० पर्सेंटाइल, १३० ला सुमारे ८४ आणि १६० ला ९७.७. तीस मार्कांच्या पहिल्या उडीने ३४ पर्सेंटाइल मिळाले, दुसरीने जेमतेम १४. तेव्हा ‘दोनच पर्सेंटाइलचा फरक’ म्हणताना तो मधला की वरचा, हे आधी पाहावं.

चल संतत हवा, ही अट विसरून चालत नाही. फाशावर F ला सहाच किमती मिळतात. F(X) ०.३ च्या आत येण्यासाठी एकच पडावा लागतो. ती शक्यता १/६, ०.३ नव्हे. मार्कही पूर्णांकात असतात, पण पायऱ्या पुष्कळ आणि मुलं लाखांत, म्हणून तिथे निभावतं.

हवामानवाले हाच नियम उलटा लावतात. उद्याच्या कमाल तापमानाचं भाकीत संभाव्यतेच्या रूपात दिलं, की प्रत्यक्ष तापमान त्या F मध्ये घालायचं. अनेक दिवसांचे असे आकडे सपाट पसरायला हवेत. दोन्ही टोकांना गर्दी झाली, तर भाकीत फाजील आत्मविश्वासाचं, पल्ला फार अरुंद. मधे ढीग झाला, तर उगाच रुंद. पण सपाट आलेख म्हणजे उत्तम भाकीत, असंही नाही. रोज डोळे मिटून त्या तारखेचं जुन्या वर्षांतलं वितरणच सांगणाऱ्याचा आलेखही, हवामान बदललं नसेल तर, सपाटच येतो.