पावसाळा, पुळ्या आणि सात दिवसांच्या गोळ्या

जुलै लागला की ठाणे-मुंबईकडच्या कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यांत एकाच प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. पोटाच्या उघड्या कातडीवर लालसर पुळ्या असतात, काहींच्या टोकाशी पिवळा पू दिसतो, आणि फुटलेल्या पुळीच्या जागी एक गोल चकता उरतो, ज्याच्या कडेने कातडी सोललेली असते. कुत्रा दिवसभर खाजवतो, रात्री पंजे चाटत बसतो आणि घरच्यांची झोप उडवतो. या आजाराला पायोडर्मा म्हणतात, म्हणजे कातडीतला जिवाणूंचा संसर्ग. लहान प्राण्यांच्या डॉक्टरांकडून अँटिबायोटिक लिहिलं जाण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. आणि यातल्या पुष्कळ कुत्र्यांना ती गोळी लागतच नाही.

समजा, सहा वर्षांचा, तीस किलोचा एक लॅब्रॅडॉर आहे. त्याला ब्रूनो म्हणू. गेले दोन पावसाळे त्याला हेच झालं. दोन्ही वेळा एक इंजेक्शन, सात दिवस सेफपोडॉक्सिमच्या गोळ्या आणि सोबत खाज थांबवायला प्रेडनिसोलोन दिलं गेलं. आठवड्यात कुत्रा छान झाला, तीन आठवड्यांनी पुन्हा पुळ्या आल्या. आता तिसरा पावसाळा. काकू आल्या आल्या म्हणतात, ‘‘डॉक्टर, तीच गोळी लिहून द्या ना, तिनेच गुण येतो.’’

गुण नेमका कशाने आला, हे मात्र या उपचारातून कळणं शक्य नाही. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड खाज आणि लाली दोन्ही दाबून टाकतं. जिवाणू मेले म्हणून कुत्रा शांत झाला, की ॲलर्जी दबली म्हणून, हे दोन औषधं एकदम दिल्यावर कोण सांगणार? म्हणून पहिली पायरी गोळीची नसते, काचपट्टीची असते. डॉक्टर एक ताजी पुळी सुईने हलकेच उघडतात आणि त्यातला पू काचपट्टीवर टेकवतात. पुळी नसेल तर चकत्याच्या सोललेल्या कडेखाली काचपट्टी दाबतात किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावून नमुना घेतात. तो रंगवून तेलाच्या भिंगाखाली पाहायला दहा मिनिटं पुरतात, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान कुठल्याही दवाखान्यात मावतं.

पांढऱ्या पेशींच्या पोटात गोल जिवाणू दिसले, तर संसर्ग खरा. शेंगदाण्याच्या आकाराचं यीस्ट भरपूर दिसलं, तर त्या कुत्र्याला अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. कातडी खरवडून पाहिल्यावर डेमोडेक्सचे किडे सापडले, तर दिशाच बदलते. ब्रूनोच्या काचपट्टीवर गोल जिवाणू दिसले, किडे नव्हते. शेपटीच्या मुळाशी बारीक काळे कण होते. ओल्या टिश्यू पेपरवर ते कण ठेवले, तर भोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. दोन पावसाळे गोळ्या खाऊन झाल्या, तरी पिसवा मात्र होत्या तिथेच.

ब्रूनोच्या कातडीवरच्या जिवाणूचं नाव स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस. कुत्र्याच्या नाकात, तोंडात, गुदद्वारापाशी हा नेहमीच वस्ती करून असतो. पिसवांनी, ॲलर्जीने किंवा सततच्या दमटपणाने कातडीची वरची भिंत कमकुवत झाली, की तो आत शिरतो. म्हणजे पायोडर्मा हा बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्यातरी आजाराचा परिणाम असतो. मूळ आजार तसाच ठेवून केवळ जिवाणू मारत राहिलं, तर दर पावसाळ्याला तोच प्रयोग होतो. फरक एवढाच, की दर खेपेला जिवाणू थोडे बदललेले असतात.

सोबती प्राण्यांच्या संसर्गरोगांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५ साली कुत्र्यांच्या पायोडर्मासाठी नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांचा कल स्पष्ट आहे: संसर्ग कातडीच्या वरच्या थरांत असेल, तर पहिली पसंती बाहेरून लावायच्या जंतुनाशकाला. त्यात सगळ्यांत भक्कम पुरावा क्लोरहेक्सिडिनचा आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत काही कुत्र्यांना चार टक्के क्लोरहेक्सिडिनचा शाम्पू आणि द्रावण दिलं, बाकीच्यांना तोंडाने अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. चार आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच बरे होते.

शाम्पू म्हटल्यावर काकूंचा चेहरा पडतो. ‘‘अंघोळ तर आम्ही घालतोच की!’’ घालतात, पण डोक्यावर ओतायचा, फेस करायचा आणि लगेच धुऊन टाकायचा, अशी. औषधी शाम्पू अंगावर दहा मिनिटं राहिला पाहिजे, तेही घड्याळ लावून, कारण ओल्या कुत्र्याबरोबर बाथरूममध्ये तीन मिनिटंसुद्धा दहा वाटतात. आधी साध्या पाण्याने मळ काढायचा, मग पुळ्या जास्त असतील तिथपासून शाम्पू लावायला सुरुवात करायची. डोळ्यांत आणि कानांत जाऊ द्यायचा नाही. पाणी कोमट किंवा गार असावं, गरम पाण्याने खाज वाढते. नंतर भरपूर धुवायचं आणि अंग नीट कोरडं करायचं. असं आठवड्यातून दोन-तीनदा करायचं, आणि मधल्या दिवशी क्लोरहेक्सिडिनचा स्प्रे किंवा वाइप्स. केस दाट असतील तर त्या भागावरचे आधी कापावे लागतात, नाहीतर औषध कातडीपर्यंत पोहोचतच नाही. घरात फरशी पुसायला ठेवलेलं जंतुनाशक यासाठी वापरू नये. त्याने कातडी भाजते आणि नवीच भानगड होते.

हे सगळं गोळीपेक्षा कष्टाचं आहे, यात शंका नाही. चौथ्या मजल्यावरच्या छोट्या बाथरूममध्ये तीस किलोचा कुत्रा आठवड्यात तीनदा धुणं ज्याला जमत नाही, त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. डॉक्टरांनी हे आधीच विचारायला हवं, आणि जमत नसेल तर वाइप्सवर भर देणारी आखणी करायला हवी.

मग गोळी कधी? संसर्ग खोल गेला असेल तेव्हा: गाठी, रक्तमिश्रित पू वाहणारी छिद्रं, ताप, सुजलेल्या लसीकाग्रंथी. किंवा बाहेरचा उपचार नीट करूनही जिवाणू हटले नाहीत तेव्हा. त्यातही निवड आहे. साधं अमॉक्सिसिलिन इथे निरुपयोगी, कारण यातले बहुतेक स्टॅफिलोकोकस ते तोडून टाकणारं विकर बनवतात. नेहमीची पहिली निवड सेफॅलेक्सिन, क्लिंडामायसिन किंवा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड जोडलेलं अमॉक्सिसिलिन. सेफपोडॉक्सिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन ही तिसऱ्या पिढीतली औषधं जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत माणसांसाठी सर्वाधिक महत्त्वाच्या गटात येतात. साध्या पुळ्यांवर त्यांनी सुरुवात करणं मला समर्थनीय वाटत नाही, मग ती दिवसातून एकदा द्यायची असल्याने कितीही सोयीची असोत.

सेफॅलेक्सिनची मात्रा किलोमागे १५ ते ३० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. २५ धरले तर ब्रूनोला एका वेळी ७५० मिलिग्रॅम होतात, म्हणजे ५०० ची एक आणि २५० ची एक कॅप्सूल. तीस किलोच्या कुत्र्याला अंदाजाने ‘वीसेक किलो’ समजून ५०० देणं, हा प्रकार जिथे वजनकाटा नाही तिथे सर्रास घडतो. हा हिशेब डॉक्टरांचा, घरी करायचा नव्हे. पण ‘वजन केलंत का?’ एवढं विचारायचा हक्क मालकाला आहे.

किती दिवस, हा प्रश्न सगळ्यांत अवघड. जुन्या शिकवणीत तीन-चार आठवडे आणि वर, पुळ्या गेल्यानंतरही एक आठवडा गोळ्या चालू ठेवायच्या असत. त्या जादा आठवड्यामागे पुरावा कमी, सवय जास्त. आता वरवरच्या संसर्गासाठी दोन आठवड्यांच्या आणि खोल संसर्गासाठी तीन आठवड्यांच्या गोळ्या द्यायच्या, आणि त्या संपण्याआधी कुत्रा पुन्हा पाहून पुढचं ठरवायचं, अशी शिफारस आहे. तोंडाने दिलेली गोळी फक्त पुळीपाशी जात नाही. आतड्यातल्या, तोंडातल्या, नाकातल्या निरुपद्रवी जिवाणूंनाही ती रोज भेटते. त्यांतले जे तिला दाद देत नाहीत ते उरतात आणि रिकामी झालेली जागा भरून काढतात. हे रोज चाललेलं असतं. म्हणून गरजेपेक्षा जास्त दिलेला प्रत्येक दिवस त्यांच्या पथ्यावर पडतो.

असा उरलेला जिवाणू म्हणजे एमआरएसपी, मेथिसिलिनला दाद न देणारा स्यूडइंटरमीडियस. त्याच्याकडे मेकए नावाचं जनुक असतं. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतली औषधं जिवाणूच्या भिंतीतल्या ज्या प्रथिनाला चिकटतात, त्याचीच वेगळी आवृत्ती हे जनुक बनवतं आणि औषध चिकटतच नाही. म्हणजे सेफॅलेक्सिन, सेफपोडॉक्सिम, सेफ्ट्रिॲक्सोन, सगळी एकदम बाद. बरेचदा एन्रोफ्लॉक्सॅसिन आणि क्लिंडामायसिनही त्यांच्याबरोबर जातात.

ब्रूनोला चौदा दिवसांनी परत बोलावलं. समजा, काचपट्टीवर जिवाणू नाहीत पण पंजे चाटणं चालूच आहे. तेव्हा उरलेली खाज ॲलर्जीची, तिच्यावर अँटिबायोटिक देऊन काही होणार नाही. पण समजा, शाम्पू घड्याळ लावून केला, पिसवांचं औषध दिलं, तरी पेशींच्या पोटात जिवाणू दिसताहेत. मग कल्चर करायचं. नमुना माणसांच्या लॅबमध्ये जात असेल, तर तो कुत्र्याचा आहे हे चिठ्ठीवर लिहायला हवं. कारण माणसांच्या स्टॅफिलोकोकससाठी नेहमी वापरतात ती सेफॉक्सिटिनची चकती एमआरएसपीच्या बाबतीत भरवशाची नाही, इथे ऑक्झासिलिनची चाचणी लागते. ऑक्झासिलिनसमोर ‘आर’ आला, की त्या गटातल्या बाकीच्या कुठल्याही औषधासमोर ‘एस’ छापलेला असला तरी तो मानायचा नाही.

रिपोर्टवर खाली लिनेझोलिड आणि व्हॅन्कोमायसिनसमोर ‘एस’ असतोच, आणि नजर तिकडे जाते. ती औषधं माणसांच्या अतिगंभीर संसर्गांसाठी राखलेली आहेत, कुत्र्याच्या पुळ्यांवर ती द्यायची नाहीत. पुष्कळदा त्यांची गरजही पडत नाही. एमआरएसपी क्लोरहेक्सिडिनला साध्या जिवाणूइतकाच बळी पडतो, कारण कातडीवर थेट लावलेल्या द्रावणाची तीव्रता रक्तातून पोहोचणाऱ्या गोळीच्या कितीतरी पट असते. रिपोर्ट भीतिदायक, पण वरवरच्या संसर्गात उपचार तोच, फक्त अधिक नेटाने. बरा झाल्यावरही कुत्रा हा जिवाणू काही महिने बाळगून असू शकतो. माणसांना त्याचा संसर्ग क्वचित होतो, तरी घरात कुणाला उघडी जखम असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर कुत्र्याला हात लावल्यावर हात धुवावेत आणि जखम चाटू देऊ नये.

तुमच्या कुत्र्याला पुळ्या आल्या, तर दवाखान्यात जाण्याआधी दोन दिवस त्याला अंघोळ घालू नका, पुळ्या फोडू नका आणि घरात उरलेली गोळी सुरू करू नका, म्हणजे काचपट्टीवर काहीतरी दिसेल. आधीच्या औषधांची पाकिटं मात्र सोबत न्या.